रात्रपाळीचा थकवा कसा लिहावा?

प्रश्न: मी हॉस्पिटलात रात्रपाळी करते. त्यावर लिहायला बसले की रडगाणं होतं. काय करू?

उत्तर: लिखाणात पाळीतला पहाटे ३ ते ५ एवढाच वेळ घ्या. तेव्हा शरीराचं तापमान सर्वांत खाली गेलेलं असतं, म्हणून अंगात हुडहुडी भरते आणि वाचलेली ओळ डोक्यात शिरत नाही. ‘मी थकले’ न लिहिता हातांनी काय केलं ते लिहा: इंजेक्शनच्या बाटलीवरचं नाव वाचलं, केसपेपर पाहिला, पुन्हा बाटली वाचली, तरी खात्री वाटेना म्हणून सोबतच्या सिस्टरला दाखवली. यात थकवाही येतो आणि तुमची काळजीही. ‘कुणाला कदर नाही’ हे वाक्य मात्र काढा, तिथे वाचकाची नजर वॉर्डातून उठते. एखाद्या नातेवाइकावर चिडला असाल तर ते जरूर ठेवा, काय बोललात त्यासकट.