रात्रीत झालेल्या बदल्या

"अरे, माझ्या टॅबात रात्रीत सगळ्यांच्या बदल्या झाल्यात. ऑर्डर कुणी काढली तेवढं बघ की!"

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका आजींची ही तक्रार. आजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्या आहेत. बदल्यांचा अनुभव दांडगा, त्यामुळे शब्द अचूक निघाला. टॅबच्या पडद्यावरचे सगळे आयकॉन रात्रीत जागा बदलून बसले होते. न्यू जर्सीतल्या त्यांच्या मुलाने सगळी हकीकत लिहून पाठवली आणि विचारलं, पुढच्या वेळी काय करायचं? अशी आई, आजी बहुतेकांच्या घरी आहे, म्हणून उत्तर सगळ्यांसाठीच देते.

खरा घोळ आयकॉनच्या आधीच सुरू झाला होता. सांगलीत सकाळचे सात म्हणजे उन्हाळ्यात न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेनऊ. मायलेकांची ही ठरलेली वेळ. त्या दिवशी व्हॉट्सॲप कॉल लागेना. पडद्यावर Ringing येईना, नुसतं Calling. मेसेजला एकच टिक. सूनबाई म्हणाल्या, नेट गेलं असेल. मुलाच्या पोटात मात्र गोळा आला आणि त्याने शेजारच्या काकूंना फोन लावला. काकू जाऊन बघतात तर आजी ठणठणीत, टॅबवर अंगठा घासत बसलेल्या. "पुसून पुसून झिजला बघ, तरी उघडंना!"

त्याचं कारण असं. रात्री चार्जिंगला लावलेला टॅब अपडेट घेऊन स्वतःच बंद होऊन चालू झाला होता. असा नव्याने चालू झालेला टॅब पहिल्यांदा अंगठ्याने उघडत नाही, पिनच मागतो. बऱ्याच टॅबमध्ये तो पिन पडेपर्यंत व्हॉट्सॲप जागंही होत नाही, मग कॉल वाजणार कसा? आजींनी पिन शेवटचा टाकला होता तो टॅब घेतला त्या दिवशी. पिन सापडला दुधाच्या हिशेबाच्या वहीत, लिटर आणि रुपयांच्या मधोमध. काकूंनी आधी ती थकबाकीच समजली.

तेव्हा पहिली गोष्ट, अंगठ्यावर चालणाऱ्या प्रत्येक आजींना महिन्यातून एकदा मुद्दाम टॅब बंद करून चालू करायला लावा आणि पिन टाकायला लावा. आणि सकाळी नुसतंच Calling दिसलं, तर घाबरण्याआधी साध्या फोनवर विचारा, "आई, टॅब नंबर मागतोय का?"

टॅब उघडला आणि आजींना बदल्या दिसल्या. त्यांच्या पडद्यावर सांगलीच्या गणपतीचा फोटो आहे. व्हॉट्सॲप गणपतीच्या डाव्या कानाशी, भजनांचं यूट्यूब सोंडेखाली आणि पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी कळावी म्हणून ठेवलेलं बातम्यांचं ॲप पायाशी, उंदराजवळ. अपडेटने चौकटींची मांडणी बदलली. आडव्या रांगेत एक घर वाढलं, खाली एक नवी पट्टी आली आणि सगळे सरकले. कानाशी आता कॅलेंडर बसलं होतं.

मुलगा फोनवर सांगतोय, "आई, हिरवं चित्र बघ." हिरवी चित्रं तीन. आजींनी त्यातलं एक दाबलं आणि काकूंच्या पर्समधला फोन वाजला. यात आजींचं काही चुकलं नाही. त्या चित्र ओळखतच नव्हत्या, जागा ओळखत होत्या. आपणही रोजचं ॲप न बघताच दाबतो. म्हणून रंग आणि नावं सांगत बसू नका. आजींना शोधायला लावण्यापेक्षा तुम्हीच व्हिडिओ कॉल करा. येणारा कॉल आयकॉन कुठेही असला तरी वाजतो. कॉल उचलला की त्यातच पडदा दाखवायची सोय आहे, Share screen. आजींनी परवानगी दिली की त्यांना दिसतं ते बहुतेक सगळं तुम्हाला दिसतं. तुम्हाला तिथलं काही दाबता मात्र येत नाही. बोट आजींचंच.

या घरी मग पुढचं काम सरळ झालं. पडद्यावरून गायब झालेली ॲप बहुधा उडालेली नसतात. खालून वर बोट सरकवलं की सगळी यादी येते. बातम्यांचं ॲप तिथे सापडलं. ते दाबून धरायचं, ओढत आणायचं आणि जागेवर सोडायचं. या दाबून धरण्यातच धोका आहे. छोटी पाटी उघडते, तिच्यावर Remove आणि Uninstall असे शब्द असतात. पहिल्याने आयकॉन फक्त पडद्यावरून जातो, दुसऱ्याने ॲपच जातं. पाटी आली की बोट न उचलता ओढत राहायचं, हे आजींना आधी एखाद्या बिनकामाच्या आयकॉनवर करायला लावा.

एक विनंती मुलासुनांना. दुरुस्ती करताना "आता सगळं सुटसुटीतच लावून टाकू" अशी हुक्की येते. ती आवरा. यूट्यूब सोंडेखालीच गेलं पाहिजे. तुमच्या डोळ्यांना ते कितीही विचित्र दिसो. सोप्या मांडणीचा नवा मोडही त्याच दिवशी चालू करू नका, ती आणखी एक बदली होईल.

आता दर वेळी अपडेटवर खापर फोडण्याआधी खात्री करा. सगळेच आयकॉन हलले आणि खाली काही नवीन दिसलं, तर अपडेट. Settings मध्ये Software update उघडलं की शेवटचं कधी झालं ते बहुधा कळतं. एकदोनच हलले असतील तर बोटाचं काम. हात थोडा थरथरत असला की साधा स्पर्शही दाबून धरल्यासारखा होतो आणि आयकॉन सोबत निघतो. त्यावर दोन उपाय आहेत. Accessibility मध्ये Touch and hold delay वाढवा आणि होम स्क्रीनच्या सेटिंगमध्ये Lock Home screen layout किंवा तशा अर्थाचं जे असेल ते चालू करा. कंपनीप्रमाणे नावं थोडी बदलतात. हे कुलूप बोटांना अडवतं, अपडेटला अडवेलच असं नाही.

मग अपडेट कायमचं बंदच का करू नये? हा प्रश्न त्या मुलानेही विचारला. करू नका. त्यातच सुरक्षेची डागडुजी येते, आणि आजींचा टॅब पेन्शनच्या बँकेशी जोडलेला आहे. वाय-फायवर अपडेट आपोआप उतरवून घेणं तेवढं बंद करा आणि वेळ तुम्ही ठरवा. या घरी ठरलं ते असं, महिन्यातून एका शनिवारी सांगलीत संध्याकाळी साडेसहा, उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे नऊ. आधी पडद्याचा स्क्रीनशॉट मुलाला पाठवायचा, मग अपडेट, मग पिन, मग कॉल. स्क्रीनशॉटची रंगीत प्रत काकूंनी विश्रामबागेतल्याच दुकानातून काढून आणली आणि आजींनी ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. वर स्वतःच्या अक्षरात मथळा दिला, "मूळ नेमणुका".

पडदा दाखवण्याबद्दल मात्र एक गोष्ट आजींना बजावून सांगा, कारण तिथे ओटीपीचा मेसेजही समोरच्याला दिसू शकतो. घरच्यांच्या कॉलशिवाय कुणालाही पडदा दाखवायचा नाही. "बँकेतून बोलतोय" म्हणणारा आला तरी नाही. आजींनी हे ऐकून मुलालाच विचारलं, "आणि तूच बोलतोयस हे कशावरून ओळखायचं?" प्रश्न रास्त होता. घरात एक शब्द ठरवा, जो आधी विचारल्याशिवाय आजी काहीही दाबणार नाहीत. त्यांनी कोणता ठरवला ते मुलाने मला सांगितलं नाही, आणि तेच बरोबर केलं.