गणपतीला चार रजांत नऊ दिवस गावी, पण सँडविच बघून

प्रश्न: 2026 च्या सुट्ट्यांची यादी आलीय, रजा थोड्याच उरल्यात. गणपतीला कुडाळला जायचंय, रजा कुठे टाकू म्हणजे जास्त दिवस मिळतील?

रजा 15 ते 18 सप्टेंबर, मंगळवार ते शुक्रवार टाका. यादी वाचताना मी सणाच्या नावाआधी वार बघतो. यंदा चतुर्थी 14 ला सोमवारी आहे, म्हणजे आधीचा शनिवार-रविवार आयता जोडून आला आणि पाच दिवसांच्या गणपतीचं विसर्जन बरोबर शुक्रवारी 18 ला. चार रजा, आणि शनिवार 12 पासून रविवार 20 पर्यंत नऊ दिवस गावात. दोन दिवस आधी पोचलात की माटवी बांधायला पण हात लावता येतो, नाहीतर चाकरमानी नुसते आरतीला उभे राहायला येतात.

आता खरी मेख. बऱ्याच कंपन्यांत सँडविच नियम असतो, दोन रजांच्या मधे आलेली सुट्टी पण रजा धरतात. 2019 ला पण चतुर्थी सोमवारीच होती, 2 सप्टेंबरला. मी आदल्या शुक्रवारी एक आणि मंगळवारी एक अशा दोनच रजा टाकल्या, आणि पगाराच्या स्लिपवर बघतो तर पाच कापलेल्या, मधले शनिवार, रविवार आणि खुद्द चतुर्थी पण त्यात धरली होती. फार लागलं मनाला, दिवाळीला एकपण शिल्लक राहिली नाही. म्हणून शुक्रवार 11 ला पूर्ण दिवस काम करून रात्रीच्या गाडीने निघा, आणि सोमवार 21 ला काही झालं तरी हजर व्हा. मंगळवार ते शुक्रवार सलग रजा असली आणि दोन्हीकडे नुसत्या सुट्ट्या असल्या की मधे काही सापडतच नाही. तरी एचआरकडून ईमेलवर लिहून घ्या, तोंडी नको.

शनिवार पण तपासा. बँकेत असाल तर 12 दुसरा शनिवार म्हणून सुट्टी, पण 19 तिसरा, त्या दिवशी बँक चालू, म्हणजे पाचवी रजा लागणार.

आणि रजा मंजूर होईपर्यंत तिकिटाला थांबू नका. रेल्वेचं बुकिंग आता 60 दिवस आधी सकाळी 8 ला उघडतं, म्हणजे 11 सप्टेंबरच्या गाडीसाठी 13 जुलै आणि परतीच्या 20 साठी 22 जुलै. दोन्ही तारखा आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा, गणपतीची कोकणातली तिकिटं मिनिटांत वेटिंगला जातात.

एखादी रजा उरली तर 9 नोव्हेंबरसाठी ठेवा. रविवारी लक्ष्मीपूजन, मंगळवारी पाडवा, मधला सोमवार तेवढा भरायचा.