वीस वर्षांचा अनुभव, पण पहिल्या ओळीत नको

तुमचा रेझ्युमे बघितला. पहिलीच ओळ 'वीस वर्षांचा दांडगा अनुभव', ती आधी काढा. समोरचा मॅनेजर बत्तीस-तेहतीसचा असेल तर त्याला तिथेच वाटतं की हा माणूस पगार जास्त मागणार आणि वर मलाच शिकवणार. त्या जागी गेल्या दोन-तीन वर्षांत काय केलं ते टाका, म्हणजे 'आठ जणांची टीम, महिन्याचा हिशोब क्लोज करायला नऊ दिवस लागायचे, ते चारवर आणले' असं काहीतरी. शेवटची दहा-बारा वर्षं नीट लिहा, त्याआधीचं सगळं 'आधीचा अनुभव' म्हणून दोन ओळीत, फक्त पद आणि कंपनी. बंद पडलेली सॉफ्टवेअर्स उडवा. पदवीचं साल नाही टाकलं तरी चालतं, पण फॉर्ममध्ये विचारलं तर खरं तेच भरा.

इंटरव्ह्यूत एक प्रश्न येतोच, 'हे काम तुम्हाला छोटं नाही का वाटणार?' मी एकदा 'मला काहीही चालेल' म्हणून बसलो, समोरच्याचा चेहरा पडला, कारण त्याला ऐकू आलं की हा सहा महिन्यांत पळणार. आता मी सांगतो, 'पाच वर्षं टीम सांभाळली, पण मला स्वतः आकडे बघायला आवडतं म्हणून हेच काम शोधतोय.' हे खरं असेल तरच बोला हं, पुढचा प्रश्न त्यावरच येतो. आणि 'आमच्या वेळी' हे दोन शब्द चुकूनही नकोत, 'मागच्या प्रोजेक्टमध्ये' म्हणा.