कडक उन्हातही सोलरवरून बॅटरी चार्ज होत नाही: कंट्रोलर, वायर की बॅटरी?

प्रश्न: जुळे सोलापूरला आमच्या गच्चीवर १६५ वॉटची दोन पॅनेल आहेत, ३० अँपिअरचा पीडब्ल्यूएम कंट्रोलर आणि १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी. ऊन कडक असूनही बॅटरी चार्ज होत नाही. सकाळी अकरालाच कंट्रोलर 'फुल' दाखवतो आणि रात्री नऊला दिवे बंद पडतात. पॅनेल गेले की बॅटरी गेली?

उत्तर:

पॅनेल गेले असते, तर कंट्रोलर इतक्या लवकर 'फुल'वर पोहोचलाच नसता. तेव्हा पॅनेलचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. कंट्रोलर बॅटरीच्या आत डोकावत नाही. तो स्वतःच्या टर्मिनलवर दिसणारा व्होल्टेज पाहतो आणि तो ठरलेल्या मर्यादेला, साधारण १४.४ व्होल्टला, पोहोचला की करंट कमी करू लागतो. हा आकडा तीन कारणांनी लवकर दिसू शकतो: बॅटरी खरोखर भरली असेल, बॅटरी आणि कंट्रोलर यांच्यामधील वायरमध्ये व्होल्टेज अडकत असेल, किंवा बॅटरीच चार्ज घेईनाशी झाली असेल. पहिले कारण रात्री नऊला दिवे जाण्याशी जुळत नाही. उरलेली दोन एका साध्या मल्टिमीटरने वेगळी करता येतात.

सकाळी दहाच्या सुमारास, चार्जिंग जोरात सुरू असताना, आधी कंट्रोलरच्या बॅटरी टर्मिनलवर व्होल्टेज मोजावा आणि लगेच बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर मोजावा. मीटरची टोके वायरच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या लगवर न टेकवता थेट खांबावर टेकवावीत, कारण लग आणि खांब यांमधील पांढऱ्या बुरशीसारख्या थरातही व्होल्टेज अडकतो. दोन आकड्यांतील फरक ०.२ व्होल्टच्या आत असावा. तो अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त निघाला, तर दोष वायरिंगमध्ये आहे आणि नवी बॅटरी आणूनही तो जाणार नाही.

मोहोळजवळच्या एका शेतवस्तीवर मी हेच पाहिले होते. पॅनेल आणि बॅटरी आपल्यासारखीच होती. कंट्रोलर भिंतीवर लावलेला आणि बॅटरी चार मीटर दूर, मध्ये घरगुती वायरिंगची २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. या वायरचा रोध दर मीटरला सुमारे ०.००७४ ओहम असतो. जाण्यायेण्याची मिळून लांबी आठ मीटर, म्हणजे रोध सुमारे ०.०६ ओहम, पंधरा अँपिअरला त्यात जवळजवळ ०.९ व्होल्ट अडकत होते आणि गंजलेल्या लगमध्ये आणखी ०.२ व्होल्ट. कंट्रोलर १४.४ पाहत होता आणि बॅटरीला प्रत्यक्षात १३.३ मिळत होते. करंट कमी केला की हा फरकही कमी होतो, त्यामुळे चार्जिंग पूर्ण थांबत नाही, पण दिवसभर रेंगाळते आणि सूर्य मावळेपर्यंत बॅटरी अर्धीच भरते. तिथे कंट्रोलर बॅटरीपासून एक मीटरवर आणला, १० चौरस मिलिमीटरची वायर घातली, लग साफ करून नीट क्रिंप केले आणि बॅटरीजवळ फ्यूज बसवला. फरक ०.१ व्होल्टच्या खाली आला.

पॅनेलपासून कंट्रोलरपर्यंतच्या वायरचे गणित वेगळे आहे. ३६ सेलच्या पॅनेलचा कार्यकारी व्होल्टेज लेबलवर सुमारे १८ असतो, म्हणून त्या वायरमध्ये थोडे व्होल्टेज गेले तरी एरवी फारसे बिघडत नाही. मात्र लेबलवरचा आकडा सेलचे तापमान २५ अंश धरून दिलेला असतो. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरील सेल ६५ अंशांपर्यंत सहज तापतात आणि तोच व्होल्टेज १५ च्या आसपास उतरतो. तेव्हा बॅटरीच्या १४.४ पेक्षा जेमतेम अर्धा-पाऊण व्होल्ट जास्त उरतो आणि बारीक, लांब वायर तेवढाही खाऊन टाकते. डिसेंबरात नीट चालणारी यंत्रणा भर उन्हाळ्यात दुपारी मंदावते, ती बहुधा याच कारणाने. हे ओळखणे सोपे आहे: कंट्रोलरवर 'फुल' नसते, बॅटरीचा व्होल्टेज १३ च्या घरात असतो आणि तरीही करंट अपेक्षेपेक्षा बराच कमी दिसतो.

कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये दोनच गोष्टी पाहाव्यात. पहिली, बॅटरीचा प्रकार. पाणी घालण्याच्या ट्युब्युलर बॅटरीसाठी प्रकार 'फ्लडेड' हवा. जेल किंवा सीलबंद प्रकार निवडला असल्यास मर्यादा खाली येते. अनेक स्वस्त कंट्रोलरवर प्रकार b1, b2, b3 अशा खुणांनी दिसतो आणि एकाच खुणेचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असू शकतो, म्हणून पुस्तिकेशी ताडून पाहणे आवश्यक आहे. दुसरी गोष्ट आपल्या हवामानात फार महत्त्वाची आहे. बरेच कंट्रोलर तापमान वाढले की मर्यादा कमी करतात, दर अंशाला साधारण १८ ते ३० मिलिव्होल्ट. सेन्सर कंट्रोलरच्या आतच असेल आणि तो पत्र्याच्या तापलेल्या खोलीत ५० अंशांवर असेल, तर १४.४ ची मर्यादा १४ च्या खाली जाते, मग बॅटरी शेजारच्या सावलीत ३२ अंशांवर का असेना. अशा वेळी कंट्रोलर थंड भिंतीवर आणावा किंवा बाहेरचा सेन्सर जोडण्याची सोय असल्यास तो बॅटरीला चिकटवावा.

या सर्वांत दोष सापडला नाही आणि बॅटरीच्या खांबांवरही व्होल्टेज तासाभरात १४.४ ला जात असेल, तर बॅटरीकडे वळावे. संध्याकाळी लोड बंद ठेवून रात्रभर विश्रांती द्यावी आणि ऊन येण्याआधी व्होल्टेज मोजावा: १२.६ च्या पुढे असल्यास भरलेली, १२.२ च्या आसपास असल्यास निम्मी. पण केवळ व्होल्टेजवर निकाल देऊ नये, हायड्रोमीटरने सहाही सेलमधील आम्लाची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी, पाहावी. भरलेल्या ट्युब्युलरमध्ये ती साधारण १२४० असते. सहाही सेल सारखेच खाली, समजा ११८० ला असतील, तर सल्फेशनची, म्हणजे प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर साचल्याची, शक्यता मोठी आहे. हे बहुधा महिनोन्‌महिने अर्धवट चार्ज होत राहिल्याने होते, म्हणजे वायरचा जुना दोषही त्याला कारणीभूत असू शकतो. कंट्रोलरमध्ये इक्वलायझेशन, म्हणजे काही वेळ मुद्दाम जास्त व्होल्टेजने चार्ज करण्याची सोय, असल्यास, पाण्याची पातळी तपासून, लोड काढून आणि खिडक्या उघड्या ठेवून ते उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे करावे. ताज्या सल्फेशनमध्ये ग्रॅव्हिटी काही दिवसांत वर सरकते, जुन्यात सरकत नाही. एखादाच सेल इतरांपेक्षा ५० अंकांनी खाली असेल आणि पूर्ण चार्जनंतरही तसाच राहत असेल, तर तो सेल गेला असे समजावे. पातळी कमी असल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, बोअरचे पाणी मुळीच नको.

कोणतीही वायर काढताना आधी पॅनेलची काढावी, नंतर बॅटरीची, आणि जोडताना उलट क्रम ठेवावा. बॅटरीविना पॅनेल जोडलेले राहिल्यास काही कंट्रोलर जळतात. ग्रॅव्हिटी पाहताना चष्मा आणि हातमोजे घालावेत. नव्या बॅटरीचा खर्च करण्याआधी दोन्ही ठिकाणचे व्होल्टेज, त्या वेळचा करंट आणि सहा सेलची ग्रॅव्हिटी एका कागदावर लिहून काढावी, आणि बॅटरी वॉरंटीत असल्यास तोच कागद विक्रेत्यापुढे ठेवावा.