विषय आणि संदर्भ कसे लिहावेत

'सातबारा दुरुस्तीबाबत' एवढाच विषय लिहिला, तर असे अर्ज तहसीलच्या टपालात ढिगाने असतात. आवक नोंदवणारा बहुधा विषयच उतरवून घेतो, म्हणून ओळख पटवणारे तपशील तिथेच द्या:

विषय :- मौजे वडगाव येथील गट क्र. 112 च्या सातबारावरील क्षेत्राची लेखनचूक महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 155 अन्वये दुरुस्त करण्याबाबत.

तक्रार, विनंती मजकुरात जाऊ द्या.

संदर्भात 'आपले पत्र' म्हणणे निरुपयोगी. कोणाचे पत्र, जावक क्रमांक, दिनांक, तिन्ही हवेत. क्रमांकातली तिरकी रेघसुद्धा जशीच्या तशी. आपल्या जुन्या अर्जाला कार्यालयाचा आवक क्रमांक द्या, तो पोचेवरच्या शिक्क्यात सापडतो. संदर्भ जुन्यापासून नव्याकडे लावा आणि मजकुरात 'संदर्भ क्र. 2 अन्वये' असेच लिहा. मजकुरात न येणारा संदर्भ सरळ काढा.