बाभळीच्या थप्पीत लाकूड किती आणि हवा किती?

प्रश्न (चोपडा तालुका, जि. जळगाव): बांधावरच्या बाभळी पंधरा दिवसांपूर्वी तोडून थप्पी लावली आहे. लांबी १० फूट, उंची ५ फूट, लाकडं ४ फुटी. व्यापारी म्हणतो, दीड टनाच्या वर माल नाही. मी हिशेब केला तर साडेपाच टन येतं. खरं किती धरायचं?

उत्तर: भाऊ, अडीच ते तीन टन धरा. व्यापारी फारच खाली आलाय आणि तुम्ही थप्पीतली हवाही विकायला काढलीय.

१० × ५ × ४ म्हणजे २०० घनफूट, आपल्याकडच्या बोलीत २ ब्रास. मीटरमध्ये ५.६६ घनमीटर. ओली बाभूळ घनमीटरला हजार किलोच्या आसपास भरते, त्यामुळे तुमचा आकडा साडेपाच टनांवर गेला. पण हे माप थप्पीचं आहे, लाकडाचं नाही. सरळ, जाड ओंडके नीट रचले तर थप्पीचा ६५ ते ७५ टक्के भाग भरीव असतो. बाभळीसारखं वाकडं, गाठीचं लाकूड निम्म्याच्या आसपास भरतं आणि नुसत्या फांट्या असतील तर त्याहूनही कमी.

तुमच्या थप्पीत किती, ते टेपने काढता येतं. लाकडांची तोंडं दिसतात त्या बाजूला एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप ताणून बांधा. टेपखाली लाकूड जिथे जिथे येतं तेवढेच सेंटिमीटर मोजून बेरीज करा, फटी सोडून द्या. तुमच्या मापाच्या थप्पीचा कर्ण ३४१ सें.मी. येतो. समजा एका कर्णावर लाकूड १८८ सें.मी. आणि दुसऱ्यावर १७८ सें.मी. भरलं. एकूण ६८२ पैकी ३६६, म्हणजे ५४ टक्के. मागच्या बाजूनेही हेच करा, कारण पुढची बाजू घट्ट रचून मागे पोकळ ठेवलेल्या थप्प्या असतात. शिवाय वाकड्या लाकडाच्या आत ज्या फटी राहतात त्या तोंडाकडून दिसत नाहीत. म्हणून बाभळीला मी ५४ चे ५० धरतो. ५.६६ चे निम्मे, २.८३ घनमीटर लाकूड.

आता वजन. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा तुमच्याच लाकडाचा नमुना घ्या, कारण पंधरा दिवसांत ते किती सुकलंय हे फक्त त्यालाच ठाऊक. जाड-बारीक सहा तुकडे ड्रममध्ये मावतील एवढे कापा आणि काट्यावर तोला. ड्रममध्ये पाणी भरून पातळीची खूण करा. तुकडे काठीने दाबून पूर्ण बुडवा आणि वर चढलेल्या पातळीचीही खूण करा. तुकडे काढल्यावर पाणी आधी खालच्या खुणेपर्यंत आणा. मग दुसऱ्या खुणेपर्यंत मापाने भरत जा. जितके लिटर लागले तितकं लाकडाचं आकारमान. हे झटपट करा, लाकूड पाणी पितं. समजा तुकडे ३६ किलो आणि पाणी ३७.५ लिटर, तर लिटरला ०.९६ किलो, घनमीटरला ९६० किलो. २.८३ × ९६० म्हणजे साधारण २,७०० किलो.

भरीव भागाच्या अंदाजात पाच टक्के इकडेतिकडे झाले तरी वजनात दहा टक्के फरक पडतो, म्हणून मी सुरुवातीला एकच आकडा दिला नाही. व्यापाऱ्याचं दीड टन खरं असायला मात्र थप्पीत जेमतेम २८ टक्के लाकूड लागेल. काट्याकुट्यांचा ढीग असेल तर ते शक्य, चार फुटी रचलेल्या बाभळीत नाही. हा हिशेब त्याच्यासमोरच करा.

लांबी-उंची मोजतानाही गफलत होते. उंची मधल्या उंचवट्यावर एकदाच घेऊ नका. तीन-चार ठिकाणी, पुढून आणि मागून घेऊन सरासरी काढा. टोकं ढासळून उतरती झाली असतील तर लांबी जमिनीलगत मोजली की माप फुगतं. 'चार फुटी' लाकूडही कुऱ्हाडीने तोडलेलं असेल तर पावणेचार फूट निघतं, आणि तेवढ्यानेच माल सहा टक्के घटतो.

सौदा कशावर करायचा? किलोवर असेल तर थांबू नका. तुमचं २.७ टन लाकूड आपल्याकडच्या उन्हात चांगलं वाळलं की दोन टनांच्या जवळ येईल, कारण वाळलेली बाभूळ घनमीटरला साडेसातशे-आठशे किलोच भरते. वाळल्यावर दर वाढवून मिळणार असेल तर ही घट धरूनच तुलना करा. ओल्याला ४ रुपये मिळत असतील तर वाळलेल्याला किमान साडेपाच तरी हवेत. ब्रासवर असेल तर वजनातल्या घटीचा तोटा तुम्हाला नाही; फक्त थप्पी थोडी बसते, म्हणून मोजणी लवकर करून घ्या. गाडी भुईकाट्यावर जाणार असेल तर रिकाम्या आणि भरलेल्या, दोन्ही वजनांच्या पावत्या तुमच्या हातात घ्या.