विरुद्ध रंगांच्या उंटांचा खेळ

कोल्हापुरातल्या स्पर्धेत दोन प्यादी जास्त असूनही माझा डाव बरोबरीत का सुटला?

कारण तुमचा पांढऱ्या घरांवरचा उंट काळ्या घरावर ठाण मांडलेल्या राजाला कधीच हुसकावू शकत नाही. तुमची प्यादी d5 आणि e6 वर, काळ्याचा राजा e7 वर आणि त्याचा उंट h2 व g3 यांदरम्यान येरझाऱ्या घालत असेल, तर d6 ही खेळी केल्यास तो उंट ते प्यादे फुकट खातो आणि कोंडी कायम राहते.

वजीर पटावर असताना मात्र हाच दोष हल्लेखोराच्या पथ्यावर पडतो. राजा g8 वर, हत्ती f8 वर, f7, g7 व h7 ही प्यादी जागेवर आणि तुमचा उंट d3 वर असेल, तर वजीर e4 वर येताच h7 वर मातेची धमकी उभी राहते. तिथे काळ्याचा उंट पोहोचतच नाही. म्हणून अशा वेळी वजिरांची अदलाबदल टाळावी.